या वेळी पूर्व माझी

'पू योंग ले' हे मी चिनी भाषेत अगदी सुरुवातीला शिकलेल्या शब्दांपैकी. अर्थ साधा आहे: नको, गरज नाही. दुकानदार पिशवी देऊ लागला की पू योंग ले. हॉटेलातला मुलगा बॅग उचलायला आला की पू योंग ले. चीनमधल्या पहिल्या चार दिवसांत मी ते इतक्यांदा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी समोरचा इतका सहज हसून बाजूला झाला, की नकाराचा हा सभ्य शब्द आपल्याला जमला असं मी धरून चालले. पाचव्या दिवशी तोच शब्द मी एका कारखान्याच्या मालकांना तीनदा ऐकवला. त्याचं मोल पुढचं वर्षभर चुकवावं लागलं.

मी साच्यांचं काम करते. चाकणच्या एका कंपनीसाठी प्लास्टिकच्या भागांचे इंजेक्शन मोल्ड बनवून घेते, आणि त्यातले बरेचसे चीनमधल्या ह्वांगयेन इथे होतात. ह्वांगयेन म्हणजे च-च्यांग प्रांतातल्या थायचौ शहराचा एक भाग. साच्यांचे कारखाने आणि संत्री, या दोन गोष्टींसाठी ते गाव प्रसिद्ध आहे. पुण्यात नोकरी सांभाळून दोन वर्षं संध्याकाळचे चिनी वर्ग केले ते यासाठीच, की दुभाष्यावाचून कामाचं बोलता यावं. कामाचं बोलता येऊ लागलंही. जेवणाचं बोलणं हा वेगळा विषय आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्या पहिल्या खेपेला झालं ते असं. संध्याकाळचे चार वाजले होते, आम्ही मशीनपाशी उभे होतो. मालक, त्यांचे दोन इंजिनियर, चारपाच कामगार. मालक म्हणाले, "चिन-वान यी-छी छ-फान." आज रात्री एकत्र जेवू. मी दमले होते, दिवसभर कानावर पडणाऱ्या चिनीने डोकं जड झालं होतं. हसून म्हटलं, "पू योंग ले, श्ये-श्ये." ते म्हणाले, "प्ये ख-छी!" मी पुन्हा पू योंग ले. ते पुन्हा आग्रहाने काहीतरी म्हणाले, गाडी पाठवतो असं. तिसऱ्यांदाही मी तेच म्हटलं, आणि हे थांबावं म्हणून पुढे जोडलं, "वो पू श्यांग ह च्यौ." मला दारू प्यायची नाही. ते "हाओ, हाओ" म्हणाले आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये विक्री विभागातल्या मुलीबरोबर जेवले. मालक दिसले नाहीत. निघताना त्यांनी मला ऑफिसच्या दारातून निरोप दिला. एरवी तिथे पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला जातात आणि गाडी वळेपर्यंत उभे राहतात. त्याआधी वीचॅटवर त्यांचे स्वतःचे, लांबलचक बोललेले निरोप यायचे. नंतर फक्त त्या मुलीकडून दोन ओळी यायच्या: मिळालं, बघतो. साच्यात बारीक बदल सांगितला की आधी तो असाच करून मिळे, आता प्रत्येक बदलाचं वेगळं दरपत्रक येऊ लागलं. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. त्यामुळेच काय बिघडलंय ते कळायला मला महिने लागले.

ते उलगडून सांगितलं त्या मुलीनेच, पुढच्या खेपेला. ती मला 'च्ये' म्हणते, म्हणजे ताई. म्हणाली, च्ये, पू योंग ले हा वस्तूला द्यायचा नकार आहे. पिशवीची गरज नाही, पावतीची गरज नाही. माणसाने जेवायला बोलावलं आणि तू गरज नाही म्हणालीस, तर गरज कशाची नाही? आणि दारूचं जे बोललीस, त्याचा अर्थ असा झाला की हे जेवायला नाही, प्यायला लावायला बोलावतायत. तेही त्यांच्या माणसांसमोर.

यातला 'प्ये ख-छी' हा मालकांचा शब्द तेव्हा माझ्या कानावरून गेला होता. सगळी गोम त्यात आहे. 'ख' म्हणजे पाहुणा आणि 'छी' म्हणजे हवा किंवा श्वास. ख-छी म्हणजे पाहुण्याने बाळगायचा संकोच, आणि प्ये ख-छी म्हणजे संकोच करू नका. म्हणजे माझा पहिला नकार त्यांना नकार म्हणून ऐकूच आला नव्हता. तो त्यांनी रीत म्हणून ऐकला, आणि रीत म्हणूनच तो बाजूला सारला. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. पंगतीत जिलबीचं ताट घेऊन येणाऱ्याला आपण "नको नको, पुरे" म्हणतो आणि पानावर हात आडवा धरतो, तेव्हा वाढणाऱ्याला ठाऊक असतं की हा हात अजून एका जिलबीपुरता बाजूला होणार आहे. जिथे आग्रहाची रीत असते तिथे खोट्या नकाराचीही रीत असते. मग खरा नकार कसा ओळखू यावा? आपल्याकडे पानावर पूर्ण ओणवं झालं की वाढणारा पुढे सरकतो. चिनी भाषेत ते ओणवं होणं शब्दांनी करावं लागतं, आणि ते मोठ्या आवाजाने किंवा तीनदा म्हणून होत नाही. मी जितक्यांदा पू योंग ले म्हटलं तितका तो खोट्या नकारासारखाच दिसत राहिला, आणि शेवटी खरा दिसला तेव्हा अपमान म्हणून दिसला.

दुसऱ्या खेपेला मी बोलावण्याची वाट पाहिली, ते आलं आणि मी गेले. जेवणासाठी खास खोली असते, पाओ-च्येन म्हणतात तिला. मोठं गोल मेज, दाराकडे तोंड करून यजमान बसतो, त्याच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा. दारू घेत नाही हे मी त्या वेळी वेगळ्या शब्दांत सांगितलं: 'यी छा ताय च्यौ', मद्याच्या जागी चहा. चहाचा पेला दोन्ही हातांनी उचलून, मालकांच्या पेल्याच्या काठापेक्षा जरा खाली धरून टेकवला. कुणालाही काही वाटलं नाही. तो शब्दप्रयोग पहिल्याच वेळी माहीत असता तर बरंच काही टळलं असतं. संबंध त्या रात्रीत परत रुळावर आले. म्हणजे मला जेवणाला जायचंच नव्हतं असं कधीच नव्हतं. त्या टेबलावर कारखान्याबद्दल जे कळतं ते दिवसा मशीनपाशी कळत नाही.

पण तिसऱ्या खेपेला मला खरोखर नकार द्यायचा होता.

नोव्हेंबर होता. गाडीच्या वातानुकूलन यंत्रातल्या ब्लोअरच्या कवचाचा साचा तयार झाला होता आणि टी-वनसाठी, म्हणजे साच्यातून निघणाऱ्या पहिल्या नमुन्यांसाठी, मी गेले होते. करारात पैसे तीन टप्प्यांत होते: ४० टक्के आगाऊ, नमुने मंजूर झाल्यावर ३०, साचा जहाजावर चढण्याआधी ३०. मंगळवारी दुपारी पहिले तुकडे निघाले. हातात घेताच कडेला वाक दिसत होता. सपाट पृष्ठभागावर ठेवून दाबलं की एक कोपरा डुगडुगत होता. नक्की मोजमाप बुधवारी व्हायचं होतं, पण ते मर्यादेबाहेर जाणार हे मला दिसत होतं आणि मालकांनाही दिसत असावं. चार वाजता ते म्हणाले, "चिन-वान यी-छी छ-फान."

चिनीत एक म्हण आहे: दुसऱ्याचं खाल्लं की तोंड मऊ होतं, दुसऱ्याचं घेतलं की हात आखूड होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यांना सांगायचं होतं की नमुने नामंजूर आहेत आणि दुसरा हप्ता सुटणार नाही. आदल्या रात्री त्यांच्या उजव्या हाताला बसून जेवले असते तर ते सांगता आलं नसतं असं नाही. पण सांगताना माझा आवाज मऊ झाला असता, किंवा तो मऊ झाला नाही म्हणून त्यांना लागलं असतं. दोन्ही नको होतं. जेवणाने तयार होणाऱ्या या देण्याला 'रन-छिंग' म्हणतात, माणसामाणसातला ऋणानुबंध म्हणा. तो वाईट नाही, त्यावरच तिथली कामं चालतात. फक्त तो त्या रात्री नको होता. आणि हे कारण तोंडाने बोलता येण्यासारखं नव्हतं. "उद्या तुमचं काम नाकारायचंय म्हणून आज जेवत नाही" हे कोणत्या भाषेत चांगलं वाटेल?

मग मी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण क्रमाला महत्त्व आहे.

तिथल्या तिथे नकार दिला नाही. म्हटलं, "निन थाय ख-छी ले. वो श्यान खान यी-श्या श-च्येन." तुम्ही फारच अगत्य करता, मी जरा वेळ बघून सांगते. हा होकारही नाही. चार माणसांसमोर प्रश्न उघडा राहिला पण कुणी पडलं नाही. वेळ बघते म्हटल्यावर ऐकणाऱ्याला अंदाज येतो, आणि त्याला स्वतःचं मन आवरायला थोडी सवड मिळते.

मग त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, आणखी कोण येणार आहे? हे विचारणं फार गरजेचं होतं. मुख्य पाहुण्याच्या जोडीला बसवण्यासाठी यजमान बाहेरची माणसं बोलावतो, त्यांना 'फेइ-ख' म्हणतात. पोलाद पुरवणारा व्यापारी असेल, बँकेतला कुणी असेल, गावातला मान्यवर असेल. अशांना निरोप गेला असेल तर मी न जाणं म्हणजे मालकांना त्यांच्यासमोर रिकाम्या खुर्चीचं स्पष्टीकरण द्यायला लावणं. तसं असतं तर मी गेले असते, तासभर बसून उठले असते. पण ती म्हणाली, कुणाला सांगितलेलं नाही, फक्त कारखान्यातलेच चौघं. खोलीही अजून ठरवलेली नाही.

इथे एक जुनं वचन आठवलं, आमच्या पुण्याच्या शिक्षिका सांगायच्या: तीन दिवस आधी सांगितलं तर ते निमंत्रण, दोन दिवस आधी तर बोलावणं, आणि त्याच दिवशी सांगितलं तर ते उचलून नेणं. वचन यजमानासाठी आहे, त्याने वेळेवर सांगावं म्हणून. पण पाहुण्यालाही त्यातून कळतं की आलेलं आमंत्रण किती जड आहे. त्याच दिवशी चार वाजता मशीनपाशी झालेलं आमंत्रण मनापासूनचं असतं, तरी ते हलकं असतं आणि हलक्या हाताने परत करता येतं. तीन दिवस आधी, वेळ आणि ठिकाणासकट आलेलं असेल तर ते नाकारण्यापेक्षा स्वतःच्या कामाची वेळ बदलावी, असं माझं मत झालं आहे.

आता कारण. पहिल्या वेळच्या अनुभवानंतर मी पुष्कळ विचार केला होता, आणि एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. तुम्ही सांगाल ते प्रत्येक कारण यजमानाला स्वतःकडे सोपवलेलं काम वाटतं. दमलेय म्हणालात, तर लवकर उरकू म्हणतील. हॉटेल लांब आहे, तर गाडी येईल. मांसाहार चालत नाही, तर भाज्यांची अख्खी मेजवानी मांडतील. पोट बरं नाही म्हणालात तर खोलीवर तांदळाची पेज आणि औषधं घेऊन माणूस उभा राहील, आणि कारण खोटं असेल तर त्या माणसासमोर आजारी दिसत बसावं लागेल. हे सगळं आग्रहातूनच येतं, त्यात दुष्टपणा नाही. म्हणून कारण असं हवं की यजमानाला ते सोडवता येणार नाही: ठरलेल्या घटकेचं, आणि तिसऱ्या कुणालातरी आधीच दिलेलं. शिवाय ते खरं हवं. कंपनीचा नियम आहे, 'कोंग-स योउ क्वेइ-तिंग', हेही सांगता येतं, आणि २०१२ च्या अखेरीस सरकारी अधिकाऱ्यांच्या मेजवान्यांवर बंधनं आल्यापासून तिथे हे वाक्य कुणाला नवखं वाटत नाही. पण नियमाने आजचं दार बंद होतं तसं पुढचंही होतं. नंतर कधी जेवायचं ठरवलं तर नियमाचं काय झालं, हा प्रश्न येणारच.

माझ्याकडे एक खरं कारण होतं. त्या दिवशी पुण्यात साडेपाचला आमच्या ग्राहकाबरोबर बैठक होती. चीन आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे तिथे रात्रीचे आठ. जेवणं तिथे सहा-साडेसहाला सुरू होतात आणि नऊपर्यंत सहज चालतात. बैठक मधोमध येत होती.

साधारण अर्ध्या तासाने मालकांच्या खोलीत गेले. तिथे चहाचं मेज असतं, ते स्वतः छोट्या पेल्यांत चहा ओतून देतात. एक पेला झाला आणि मग म्हटलं: "चन पू छ्याओ. चिन-थ्येन वान-शांग पा त्येन, वो याओ कन यिन-तू ना-प्येन खाय-ह्वेइ."

'चन पू छ्याओ' हे माझं सगळ्यात आवडतं वाक्य झालं आहे. काय योग बघा, नेमका जुळला नाही, असं काहीसं. दोष माझा नाही आणि तुमचाही नाही, वेळेचा आहे. पुढचं साधं: आज रात्री आठला माझी भारतातल्या लोकांशी बैठक आहे. (थ्येन म्हणजे दिवस आणि त्येन म्हणजे वाजता. त-थ, प-फ, क-ख हा चिनीतला फरक मराठी माणसाला जन्मापासून येतो. 'त्स' म्हणजे तर आपल्या 'चांगलं'मधला च. सूर तेवढे कष्टाने कमवावे लागतात.)

मालक लगेच म्हणाले, "खाय-वान ह्वेइ त्साय लाय!" बैठक संपवून ये की. अपेक्षेप्रमाणे त्यांनी अडचण सोडवायला घेतली. या दुसऱ्या फेरीला काय म्हणायचं ते मी ठरवून गेले होते. कारण वाढवत न्यायचं नाही. दुसरं कारण जोडलं की पहिलं खोटं वाटू लागतं. म्हटलं, "पू च-ताओ खाय ताओ ची त्येन. रांग निन तंग, वो क्वो-यी पू छ्यू." किती वाजेल ते माहीत नाही, आणि तुम्हाला ताटकळत ठेवणं माझ्या जिवाला लागून राहील. क्वो-यी पू छ्यू म्हणजे मन त्यावरून पुढे सरकू शकत नाही. पहिल्या वाक्यात माझी अडचण होती, दुसऱ्यात त्यांना होणारा त्रास आला. त्याला उत्तर देणं यजमानाला जड जातं, कारण 'नाही, मी थांबतो' म्हटलं तर पाहुण्यालाच संकोच होणार.

ते क्षणभर गप्प राहिले, तेव्हा पुढचं सांगितलं: "निन त शिन-यी, वो शिन लिंग ले." तुमचं मन मी मनाने घेतलं. शिन म्हणजे हृदय, लिंग म्हणजे स्वीकारणं. जेवण स्वीकारलं नाही, पण ज्या मनाने ते देऊ केलं ते पोचलं. मराठीत आपण 'पावलं' म्हणतो तसं. हे एकच वाक्य बोलून थांबणारेही पुष्कळ असतात, आणि तेवढ्याने भागतं. माझं भागलं नसतं. कारण शिन लिंग ले हा शिष्टाचाराचा अखेरचा शब्द आहे. त्यानंतर शांतता आली तर संध्याकाळबरोबर माणूसही परत केल्यासारखा होतो.

पुष्कळजण इथे 'काय-थ्येन' म्हणतात. शब्दशः दिवस बदलू, म्हणजे पुन्हा कधीतरी. मीही ते शिकले होते. पण काय-थ्येन तिथे आपल्या 'या एकदा घरी' सारखं झालं आहे. म्हणणारा घराचा पत्ता देत नाही आणि ऐकणारा मागत नाही. ज्या नकाराला फक्त काय-थ्येन जोडलेलं असतं तो पुरता नकार असतो. तो खरा नकार राहूनही ऊबदार व्हायचा असेल तर दिवस ठरवून सांगावा लागतो, आणि तो आपल्या खर्चाने. म्हणून म्हटलं, "शिंग-छी-स चोंग-वू, वो छिंग निन." गुरुवारी दुपारी माझ्याकडून.

गुरुवार का? बुधवारी मोजमाप आणि त्यावरची बोलणी संपणार होती. त्यानंतरचं जेवण कुणाचं तोंड मऊ करणार नव्हतं. दुपारचं अशासाठी की दुपारच्या जेवणाला दारू कमी आणि वेळही आटोपशीर.

मालकांनी हात हलवला. तू पाहुणी, तू कसं जेवण द्यायचं? हा मात्र खोटा नकार होता, रीतीचा. आता आग्रह करायची पाळी माझी होती, आणि मला त्यातही एक शब्द हाताशी होता. जेवण देण्याला चिनीत 'त्सुओ तोंग' म्हणतात, पूर्व होणं. जुन्या रीतीत यजमानाची जागा पूर्वेला आणि पाहुण्याची पश्चिमेला. त्यावरून यजमान म्हणजे पूर्व. मी म्हटलं, "शांग-त्स निन त्सुओ तोंग, च-त्स काय वो ले." मागच्या वेळी पूर्व तुम्ही होतात, या वेळी माझी पाळी.

ते मोठ्याने हसले. "हाओ!" म्हणाले, आणि आणखी एक पेला ओतला. गुरुवारी कुठे, किती वाजता, हे त्यांनीच विचारलं. नकार नीट पोचला हे मला त्या प्रश्नावरून कळलं. नुसतं 'मग काय-थ्येन' म्हणाले असते तर मी काळजीत पडले असते.

रात्री आठची बैठक आटोपल्यावर दोन ओळींचा निरोप वीचॅटवर टाकला. बैठक आत्ता संपली, तुम्हाला थांबवलं नाही हे बरं झालं, उद्या सकाळी आठला येते. कारण खरं होतं हे दाखवण्याची ती रीत. थोड्या वेळाने हॉटेलच्या खालून फोन आला. कारखान्याचा ड्रायव्हर संत्र्यांची पेटी घेऊन आला होता. संत्र्यांचा हंगाम होता. घ्यावी की न घ्यावी यावर मी फार विचार केला नाही. जेवण नाकारलेल्या यजमानाला काहीतरी पाठवायची वाट उरू द्यावी लागते, आणि गावची संत्री ही लाच होण्याइतकी मोठी वस्तू नाही. पेटी घेतली, एक संत्रं सोलून त्याचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून नेलेली बाकरवडीची दोन पाकिटं दोन्ही हातांनी त्यांच्या मेजावर ठेवली.

बुधवारी मोजलं. जिथे अर्धा मिलिमीटर वाक चालला असता तिथे १.२ मिलिमीटर निघाला. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा होता. नमुने मंजूर नाहीत, हप्ता दुसऱ्या चाचणीनंतर. मालकांचा चेहरा पडला, पण ते आकड्यांवरच बोलले. त्यांचा इंजिनियर आणि मी दुपारभर साच्याच्या थंडाव्याच्या नळ्यांच्या आराखड्यावर बसलो. एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा फार लांबून जात होतं, त्यामुळे एक कड उशिरा थंड होत होती आणि भाग त्या दिशेला ओढला जात होता. दुरुस्तीसाठी पंधरा दिवस ठरले. त्या बदलाचं वेगळं दरपत्रक आलं नाही. अर्थात ते येण्यासारखं नव्हतंच, चूक आराखड्याची होती. तरी मागच्या वर्षी आलं असतं असं मला वाटतं.

खरं कारण न सांगता दुसरं खरं कारण सांगणं हे फसवणं आहे का, हे मी त्या रात्री बराच वेळ मनात घोळवत होते. बैठक खरी होती. पण ती नसती तरी मी जेवायला गेले नसते, आणि तेव्हा मला कुठलंतरी दुसरं ठरलेल्या घटकेचं काम शोधावं लागलं असतं. मालकांना खरं कारण कळलं नसेल असंही मला वाटत नाही. वाकलेला तुकडा त्यांनीही हातात घेतला होता. त्यांनी बैठकीचं कारण स्वीकारलं ते बहुधा त्यांनाही ती संध्याकाळ अवघड गेली असती म्हणून. आम्ही दोघं एकमेकांना ते बोलून दाखवायच्या अडचणीतून सोडवत होतो. आम्ही बोलत होतो ती चिनी दोघांचीही घरची भाषा नव्हती. ते घरी थायचौची बोली बोलतात, ती शांघायच्या बाजूच्या वू भाषांपैकी, आणि मला तिच्यातलं अक्षर कळत नाही. शाळेत शिकलेल्या, ठरीव वाक्यांच्या भाषेत आम्ही भेटत होतो. त्या ठरीव वाक्यांचा मला एके काळी कंटाळा यायचा. आता त्यांचा आधार वाटतो. हात धरायला कठडा असावा तसा.

गुरुवारी मी वीस मिनिटं आधी पोचले आणि गल्ल्यावर पैसे जमा करून ठेवले. तो सल्ला त्या मुलीचा. जेवताना उठून 'हात धुऊन येतो' म्हणत यजमानाआधी बिल भरून येणं हे तिथे नेहमीचं असतं, आणि मालकांनी तसा प्रयत्न केलाच. रेस्तराँवाला हसून म्हणाला, झालेत भरून. मी दाराकडे तोंड करून बसले होते, मालक माझ्या उजव्या हाताला. 'श-पिंग-थोंग' मागवले होते, ही त्या भागाची खासियत: पातळ पोळीत भाज्या, शेवया, अंडं असं बरंच काही घालून घट्ट गुंडाळी करतात. पहिली गुंडाळी मी त्यांच्या पानात ठेवली. ते नको नको म्हणाले. मी "प्ये ख-छी" म्हटलं.

निघताना ते गाडीपर्यंत आले. दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "श्या-त्स वो त्सुओ तोंग." पुढच्या वेळी पूर्व माझी.

मी म्हटलं, "हाओ. थी-छ्येन सान थ्येन काओ-सू वो." चालेल. तीन दिवस आधी सांगा.

त्यांना ते जुनं वचन ठाऊक होतं. गाडी वळली तेव्हा ते अजून हसत होते.